माझा अनुभव : बिल नंबर १४८ ते १५४

गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४. सकाळी साडेनऊला मी टेबलाशी येऊन डबा खाली ठेवत होते, तेवढ्यात आमच्या अकाउंट्समधली नवी मुलगी जवळ येऊन उभी राहिली. तिला बोलायला जड जात होतं. "मॅडम, साहेबांनी काल संध्याकाळी सांगितलंय की यापुढे तुमचं जीएसटी रिटर्न भरण्याआधी मी एकदा बघायचं."

तिला लागून सात महिने झाले होते. रिटर्न कसं भरायचं हे तिला मीच शिकवत होते.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका लहान कंपनीत अकाउंट्स बघते. पत्र्याचे प्रेस पार्ट बनतात, पंचवीस-तीस माणसं आहेत आणि वरती मालक, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो. बिलिंग बघणारे गृहस्थ तिथे चौदा वर्षांपासून आहेत, मी तीन वर्षांपासून. मी त्यांना भाऊ म्हणते, म्हणून इथेही भाऊच म्हणेन. साहेबांचा त्यांच्यावर जुना विश्वास आहे आणि तो त्यांनी कमावलेला आहे. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते या एका गोष्टीमुळे तसं केलं.

मुलीला मी विचारलं, "अजून काय म्हणाले साहेब?" तिने जे ऐकलं होतं ते सांगितलं. आमच्या एका मोठ्या कस्टमरकडून बुधवारी फोन आला होता की ऑगस्टची सात बिलं त्यांच्या टू-बीमध्ये दिसत नाहीत, म्हणून त्या बिलांवरची जीएसटीची रक्कम त्यांनी रोखून धरली आहे. साहेबांनी भाऊंना बोलावलं. भाऊ म्हणाले, "मी पाच तारखेलाच मॅडमना सगळी बिलं दिली होती, आठवणही केली होती. त्यांच्याकडूनच राहिलं. हल्ली घरी सासूबाईंचं आजारपण आहे ना, लक्ष लागत नाही त्यांचं."

बिलांचं ऐकून मला राग आला, पण सासूबाईंचं नाव ऐकल्यावर डोळ्यांत पाणी आलं. ते मी भाऊंना चहा पिताना विश्वासाने सांगितलं होतं.

ज्यांना या कामाची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही ज्या महिन्यात माल विकतो त्याची बिलं पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये चढवायची असतात. त्यावरून १४ तारखेला खरेदीदाराच्या पोर्टलवर त्याचा टू-बी तयार होतो. आमचं बिल त्यात नसेल तर त्याला त्या बिलावरच्या कराची वजावट त्या महिन्यात घेता येत नाही, म्हणून तो तेवढे पैसे अडवतो. त्यानंतर २० तारखेपर्यंत आम्ही थ्री-बी भरून प्रत्यक्ष कर भरायचा. आमची उलाढाल पाच कोटींच्या आतली, त्यामुळे ई-इन्व्हॉइस आम्हाला लागू नाही. तो असता तर बिलं आपोआप पोर्टलवर उतरली असती. आमच्याकडे मात्र भाऊ टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून महिन्याच्या बिलांची एक्सेल काढून मला मेल करतात आणि मी ती चढवते. म्हणजे त्यांच्या शीटवर जे नाही, ते माझ्या रिटर्नमध्ये येण्याचा मार्गच नाही.

मी मेल उघडला. ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटं. भाऊंची शीट. बिल नंबर ११२ ते १४७, एकूण ३६ ओळी. कस्टमर म्हणत होता ती बिलं १४८ ते १५४ नंबरची. ती शीटमध्ये नव्हतीच.

मग मी टॅलीत ऑगस्टचं सेल्स रजिस्टर उघडलं आणि पोटात गोळा आला. तिथे ४३ बिलं होती. १४८ ते १५४, तारखा २९, ३० आणि ३१ ऑगस्ट, सगळी जागच्या जागी. म्हणजे बुधवारी साहेबांनी भाऊंच्या स्क्रीनवर हे रजिस्टर बघितलं असेल, तर त्यांना काय दिसलं? बिलिंगमध्ये ४३, मॅडमच्या रिटर्नमध्ये ३६. त्यांच्या जागी मी असते तरी भाऊंचंच खरं मानलं असतं.

त्या क्षणी मी एक चूक करणार होते. आमचा ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, अकरा जणांचा. त्यात मी टाइप केलं, "भाऊ, ५ तारखेच्या शीटमध्ये ३६च बिलं होती, साहेबांना खोटं का सांगितलंत?" शीटचा फोटोही जोडला होता. पाठवण्याआधी मनात आलं की हे गेल्यावर भाऊ काय करतील. अकरा जणांसमोर चौदा वर्षांचा माणूस "हो, माझं चुकलं" म्हणणार नाही. तो आणखी काहीतरी सांगेल, मग मी आणखी काहीतरी, आणि साहेबांना सगळ्यांदेखत आमच्यातला एक निवडावा लागेल. तीन वर्षं आणि चौदा वर्षं यांत ते कोणाला निवडतील हे मला माहीत होतं. शिवाय तेव्हा माझ्या हातात फक्त शीट होती. टॅलीत ४३ का दिसतायत याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. मी मेसेज खोडला.

आणि दुसरं म्हणजे दुसऱ्या दिवशी २० तारीख होती. थ्री-बी भरायचं होतं. आधी काम वाचवायचं होतं.

टॅलीत ती सात बिलं मी एकेक करून उघडली. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबाचं असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक नोंद कधी केली, कधी बदलली याचा माग राहतो आणि तो बंद करता येत नाही. आमच्या टॅलीत त्याला एडिट लॉग म्हणतात. एरवी तो ऑडिटरच बघतात, मी कधी मुद्दाम उघडला नव्हता. बिल नंबर १४८चा उघडला. बिलाची तारीख २९ ऑगस्ट, पण नोंद तयार झाल्याची तारीख १२ सप्टेंबर, सकाळी ११ वाजून ४१ मिनिटं, युजर भाऊंचा. १४९ तसंच. शेवटचं १५४, १२ सप्टेंबरलाच, दुपारी १२ वाजून २३ मिनिटांनी. माझं रिटर्न ११ सप्टेंबरला गेलं होतं. म्हणजे मी रिटर्न भरलं त्या दिवशी ही बिलं टॅलीत अस्तित्वातच नव्हती.

आता मला आठवलं. ऑगस्टच्या शेवटी तीन दिवस बिलिंगचा कॉम्प्युटर बंद होता, त्याचा पॉवर सप्लाय गेला होता. माल थांबवता येत नाही, म्हणून भाऊंनी बिलबुकातून हाताने बिलं केली होती. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आल्यावर सप्टेंबरची बिलं त्यांनी १५५ पासून टॅलीत सुरू केली आणि मधली सात हाताने केलेली चढवायची राहून गेली. ५ तारखेला रात्रीच्या गाडीने ते गणपतीला सावंतवाडीकडे गावी गेले. ७ तारखेला गणपती बसले. १२ला परत आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असणार. त्यांनी मागच्या तारखेने बिलं टाकली, पण मला सांगितलं नाही. त्या वेळी सांगितलं असतं तर हे सगळं तासाभराचं काम होतं.

मी स्टोअरमधून बिलबुक मागवलं. कार्बनची गुलाबी कॉपी, भाऊंचं सुबक अक्षर, १५१ नंबरच्या पानावर घाईत खोडलेला गाडीचा नंबर. त्याच्याबरोबर मालासोबत गेलेल्या डिलिव्हरी चलनाची कॉपी टाचलेली, तिच्यावर कस्टमरच्या गेटचा शिक्का, ३० ऑगस्ट. सातही बिलं अशीच. करपात्र रक्कम एकूण चार लाख वीस हजार, त्यावर अठरा टक्क्यांनी जीएसटी पंच्याहत्तर हजार सहाशे. प्रत्येक बिल करासह सत्तर हजारांच्या आसपास. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाच्या वाहतुकीला ई-वे बिल लागत नाही, म्हणून तेही निघालं नव्हतं. निघालं असतं तर त्याच दिवशीची आणखी एक नोंद सरकारच्या पोर्टलवर मिळाली असती.

सुदैवाने त्याच वर्षी, जुलैच्या रिटर्नपासून, जीएसटीआर-१ए नावाची सोय आली होती. जीएसटीआर-१ भरल्यानंतर आणि थ्री-बी भरण्याआधी राहिलेली बिलं त्यात टाकता येतात. पण एका महिन्यासाठी ते एकदाच भरता येतं, पुन्हा संधी नाही. म्हणून मी नव्या मुलीला शेजारी बसवलं. तिने बिलबुक वाचायचं, मी चढवायचं, मग उलट मी वाचायचं आणि तिने स्क्रीन बघायची. गेटवरचं आउटवर्ड रजिस्टरही आणलं आणि ऑगस्टमध्ये गेलेल्या गाड्या बिलांशी जुळवल्या. ४३ म्हणजे ४३च. दीड वाजेपर्यंत वन-ए भरून झालं आणि सात बिलांचा कर थ्री-बीमध्ये आपोआप आला. म्हणजे ऑगस्टचा कर वेळेत भरला जाणार होता, व्याजाचा प्रश्न नव्हता. फक्त एक मर्यादा होती : वन-एमध्ये टाकलेली बिलं खरेदीदाराला पुढच्या महिन्याच्या टू-बीमध्ये दिसतात. म्हणजे कस्टमरला १४ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागणार होतं.

जेवण झाल्यावर मी एक पान लिहायला घेतलं. तीन वेळा लिहिलं. पहिल्यात "खोटं" हा शब्द दोनदा होता, दुसऱ्यात "मुद्दाम" होता. भाऊंच्या मनात काय होतं हे मी बघितलेलं नाही, मी फक्त बिलं बघितली होती. तिसऱ्यांदा मी ठरवलं की पानावर फक्त बिलं, तारखा आणि कागद कुठे आहे एवढंच येईल. भाऊंचं नावही नाही.

आणखी एक गोष्ट काढून टाकावी लागली, आणि ती काढताना जीव तुटला. ९ सप्टेंबरला मी भाऊंना गावी फोन केला होता. "भाऊ, ऑगस्टची एवढीच ना?" मागे आरती चालू होती. ते म्हणाले, "हो हो मॅडम, एवढीच." हा माझा सगळ्यात मोठा पुरावा होता आणि तो कुठेच नव्हता. फोन केल्याचं दिसत होतं, काय बोलणं झालं ते दिसत नव्हतं. साहेबांसमोर मी हे सांगितलं असतं तर भाऊ म्हणाले असते, असं काही झालंच नाही. मग अख्खं पान "ती म्हणते, तो म्हणतो" यावर आलं असतं आणि बाकीचे पक्के कागदही पातळ झाले असते. जे दाखवता येत नाही ते मी पानावर घेतलं नाही.

आणि एक गोष्ट घ्यावीच लागली. जीएसटीआर-१ मध्ये तेरा नंबरचा तक्ता असतो. महिन्यात कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत बिलं काढली ते त्यात लिहायचं. मी ११२ ते १४७ लिहिलं होतं, शीटवर विसंबून. सप्टेंबरचं पहिलं बिल १५५ आहे हे मी टॅलीत फक्त एक नजर टाकली असती तर दिसलं असतं. मधले सात नंबर कुठे गेले हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो तक्ता त्यासाठीच असतो. ही माझी चूक होती आणि ती साहेबांना दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवी होती. मी ती पहिल्या ओळीत लिहिली.

पान शेवटी असं झालं :

११ सप्टेंबर : जीएसटीआर-१ भरलं. तेरा नंबरच्या तक्त्यात ११२ ते १४७ लिहिलं, सप्टेंबरच्या पहिल्या नंबरशी ताडून बघितलं नाही. हे माझ्याकडून राहिलं.
५ सप्टेंबर, सं. ६.१२ : ऑगस्टची शीट मेलवर आली, ३६ बिलं, ११२ ते १४७. मेलची प्रिंट सोबत.
२९ ते ३१ ऑगस्ट : बिलं १४८ ते १५४ बिलबुकातून हाताने केलेली. गुलाबी कॉपी आणि चलन सोबत.
१२ सप्टेंबर, ११.४१ ते १२.२३ : हीच बिलं टॅलीत नोंदली गेली. एडिट लॉगची प्रिंट सोबत.
१९ सप्टेंबर : सातही बिलं वन-एमध्ये भरली. कर उद्याच्या थ्री-बीत जाईल, व्याज नाही. कस्टमरला १४ ऑक्टोबरच्या टू-बीत दिसतील.

साडेचारचा चहा झाला की साहेब अर्धा तास केबिनमध्ये एकटे असतात. मी दारातून विचारलं, "साहेब, दहा मिनिटं मिळतील का? दार लावून घेऊ?" त्यांनी मान हलवली.

आत गेल्यावर मी पान लगेच पुढे केलं नाही. आधी म्हटलं, "साहेब, माझं रिटर्न आता तपासून घ्यायचं ठरलंय असं मला सकाळी कळलं. माझ्याकडून काय राहिलं असं तुम्हाला वाटतंय, ते मला तुमच्याकडूनच ऐकायचंय." हे मी मुद्दाम विचारलं. सकाळपासून माझ्याकडे जे होतं ते दुसऱ्याच्या तोंडून आलेलं होतं. साहेबांच्या डोक्यात नेमकं काय आहे ते कळल्याशिवाय उत्तर दिलं असतं तर त्यांनी विचारलेलंच नाही अशा गोष्टीचा खुलासा करत बसले असते.

साहेबांनी तेच सांगितलं. पाच तारखेला बिलं मिळाली होती, तुमच्याकडून राहिली. घरच्या आजारपणाचंही ते म्हणाले, पण मायेने म्हणाले. "मॅडम, सुट्टी हवी असेल तर सांगत जा. कामात लक्ष नसलं की असं होतं."

मी पान समोर ठेवलं आणि बाजूला बिलबुक उघडून ठेवलं. "साहेब, पहिली ओळ माझी चूक आहे. ती वाचा, मग बाकीचं बघा."

त्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचून माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. मग मेलची प्रिंट हातात घेऊन बोटाने ओळी मोजायला लागले. शेवटच्या १४७वर बोट थांबलं. मग एडिट लॉगची प्रिंट. "हे बारा तारखेचं काय आहे?" मी सांगितलं की बिलावरची तारीख वेगळी आणि टॅलीत नोंद केल्याची तारीख वेगळी, ही दुसरी कोणाला बदलता येत नाही, ऑडिटर हीच बघतात. त्यांनी बिलबुकातलं १५१चं पान उलटसुलट करून बघितलं. ती सात पानं त्यांनी सगळी बघितली. मला वाटतं पाच मिनिटं कोणीच बोललं नाही.

मग त्यांनी विचारलं, "मग तो असं का म्हणाला?"

दिवसभर मला भीती होती ती याच प्रश्नाची. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, साहेब. ते तुम्ही त्यांनाच विचारा. मी फक्त बिलांचं सांगू शकते."

एका गोष्टीवर मात्र मी गप्प बसले नाही. "सासूबाईंचं आजारपण खरं आहे. त्यासाठी मी जुलैत दोन दिवस सुट्टी घेतली, ती अर्ज देऊन. या सात बिलांशी त्याचा संबंध नाही. माझ्या घरचं कारण माझ्या कामाला लावलं जाऊ नये एवढी विनंती आहे." आवाज थोडा कापला, पण वाक्य पूर्ण झालं.

साहेबांनी विचारलं, आता काय करायचं म्हणता? मी तीन गोष्टी मागितल्या. कस्टमरला माझ्या नावाने मेल जाऊ दे, बिलं कधी दिसतील ते सांगणारा, साहेबांना कॉपी ठेवून. तपासणी राहू दे, ती चांगलीच आहे, पण ती शीट येण्याच्या वेळेलाही व्हावी : महिन्याचा पहिला नंबर, शेवटचा नंबर, एकूण बिलं, आणि गेटच्या रजिस्टरशी मेळ, मगच मी रिटर्न भरेन. आणि तिसरं, "भाऊंना माझ्यासमोर बोलावू नका."

शेवटचं ऐकून त्यांना नवल वाटलं. मी म्हटलं, "समोरासमोर झालं तर त्यांना माघार घेता येणार नाही, आणि मला त्यांच्याशी रोज काम करायचंय."

"बघतो," साहेब म्हणाले. एवढंच. "तुमचं बरोबर आहे" असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, आणि मी ते ऐकण्यासाठी थांबले नाही. घरी निघण्याआधी फक्त त्यांनाच चार ओळींचा मेल केला : आज बोलल्याप्रमाणे सात बिलं वन-एमध्ये भरली, १४ ऑक्टोबरला कस्टमरला दिसतील, शीटवर नंबर आणि मेळ घालण्याचं ठरलं, आजचं पान जोडलं आहे. महिन्याभराने कोणाच्या आठवणीत काय राहील सांगता येत नाही, म्हणून त्याच दिवशीचं काहीतरी लिहिलेलं असावं असं मला वाटलं. दुसऱ्या कोणालाही कॉपी ठेवली नाही.

शुक्रवारी थ्री-बी भरलं. भाऊ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. केबिनमध्ये ते अकरा वाजता गेले होते, हे मी बघितलं. आत काय झालं ते मला आजही माहीत नाही.

शनिवारी मी बिलबुक परत ठेवायला स्टोअरमध्ये गेले, तिथे ते होते. त्यांनीच सुरुवात केली. "मॅडम, साहेब बिलांचं विचारत होते."

मी म्हटलं, "भाऊ, मी त्यांना तारखा दाखवल्या. तुमच्याबद्दल काही बोलले नाही. पण माझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर आधी मला सांगा. आणि माझ्या घरचं तर नकोच."

"मी असं कुठं म्हटलं हो... कॉम्प्युटर बंद होता, मी गावाला निघालेलो, घाई झाली..."

मला ते पूर्ण खोडून काढता आलं असतं. नऊ तारखेच्या फोनची आठवण करून देता आली असती. पण ते बिलबुकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. कॉम्प्युटर खरंच बंद होता, घाई खरंच झाली होती. तिथपर्यंत त्यांचं काही चुकलं नव्हतं. बारा तारखेला मला सांगायचं धैर्य झालं नाही आणि अठराला साहेबांनी अचानक विचारल्यावर तोंडातून माझं नाव निघालं, असंच झालं असावं असं मला वाटतं. मी एवढंच म्हटलं, "बारा तारखेला मला एक फोन केला असतात तर मी तासाभरात करून दिलं असतं." ते काही बोलले नाहीत.

माफी त्यांनी मागितली नाही. साहेबांनीही सगळ्यांसमोर काही सांगितलं नाही. पण गोष्ट ज्यांच्यापर्यंत गेली होती तिथे ती दुरुस्त व्हायला हवी होती. साहेबांच्या धाकट्या भावांनी बुधवारी ते ऐकलं होतं हे मला माहीत होतं, म्हणून कस्टमरचा मेल मी त्यांनाही दाखवला, "यात काही बदल हवा का?" असं विचारून. त्यात बिलं हाताने केलेली असल्याने उशिरा नोंदली गेली हे लिहिलंच होतं. ते वाचून म्हणाले, "अच्छा, हे असं होतं तर." नवी मुलगी तर त्या दिवशी शेजारीच बसली होती, तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

हे जमलं याचं मोठं कारण म्हणजे माझ्याकडे तारखांचे कागद होते आणि साहेब ऐकून घेणारे होते. भाऊंनी हेच दुसऱ्यांदा केलं असतं तर मी दोघांसमोर बसून बोलायची मागणी केली असती, लेखी. आणि कागद नसता, सगळं फोनवरच झालं असतं, तर माझ्या पानावर पहिल्या ओळीतली माझी चूक तेवढी उरली असती. तेव्हापासून मी फोन ठेवला की लगेच दोन शब्दांचा मेसेज टाकते : "सप्टेंबरची ३९च, बरोबर ना भाऊ?" उत्तर आलं नाही तरी विचारल्याची तारीख राहते.

५ ऑक्टोबरला, शनिवारी, भाऊंचा मेल आला. शीटच्या वर त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं, "पहिलं बिल १५५, शेवटचं १९३, एकूण ३९. गेट रजिस्टर बघितलं." मी मुलीला गेटवर पाठवलं, तिने मोजून आणलं. ३९. मी उत्तर दिलं, "३९ मिळाली, भाऊ. धन्यवाद."

१४ ऑक्टोबरला टू-बी आला, कस्टमरला सात बिलं दिसली. त्यांनी पंच्याहत्तर हजार सहाशे रुपये सोडले तो मेल साहेबांनी मला पुढे पाठवला. वर एकच शब्द होता, "झालं." खाली कॉपीत भाऊंचंही नाव होतं.